६६२ च्या पीकखाली काय दडलंय: सोडियम आयोडाइड आणि जर्मेनियम

प्रश्न: सर, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी कर्जतच्या बाजूच्या टेकड्यांवरच्या मातीतला किरणोत्सर्ग मोजतेय. कॉलेजात ३ बाय ३ इंची सोडियम आयोडाइड डिटेक्टर आहे. गॅमा ऊर्जेच्या ६०० ते ६७० केईव्हीमध्ये एक जाड फुगवटा येतो, त्यात सीझियम-१३७ आहे की नाही तेच कळत नाही. गाइड म्हणतात क्रिस्टलचा प्रकाश मोजणारी पीएमटी नळी जुनी झालीय, नवीन लावली की रिझोल्युशन सुधारेल. सीनियर म्हणतो एचपीजीईशिवाय, म्हणजे जर्मेनियम डिटेक्टरशिवाय, होणारच नाही. दोन डिटेक्टरमध्ये एवढा फरक कशामुळे पडतो, आणि मी काय करू?

उत्तर:

पीएमटीवर खापर फोडायच्या आधी एक काम कर, सीझियमचा छोटा चेक सोर्स डिटेक्टरसमोर ठेव आणि त्याच्या ६६२ केईव्हीच्या पीकची अर्ध्या उंचीवरची रुंदी बघ, रिझोल्युशन म्हणजे तीच. ती ४५-५० केईव्ही, म्हणजे ७ ते साडेसात टक्के येत असेल तर तुझी पीएमटी ठणठणीत आहे, नवीन आणलीस तरी तो फुगवटा तसाच राहणार. रुंदी ६०-६५ केईव्ही आली तर मात्र कुठेतरी पाणी मुरतंय, आणि मुंबईच्या हवेत ते शब्दशः मुरलेलं असू शकतं, कारण सोडियम आयोडाइड ओलावा खातं. ॲल्युमिनियमच्या डब्याचं सील गेलं की क्रिस्टल पिवळा पडायला लागतो, प्रकाश आतल्या आत शोषला जातो आणि रुंदी वाढत जाते. त्यावर पीएमटी बदलून काहीच होत नाही.

आता पीएमटी बदलून फायदा का नाही ते नीट बघू, कारण दोन डिटेक्टरमधल्या फरकाची अर्धी मेख तिथेच आहे. ६६२ केईव्हीचा गॅमा सोडियम आयोडाइडमध्ये पूर्ण थांबला तर एका केईव्हीमागे साधारण ३८ फोटॉन या हिशेबाने पंचवीसेक हजार फोटॉन निघतात. ऐकायला भरपूर वाटतं, पण यातले काही रिफ्लेक्टरमध्ये आणि खिडकीवर जातात, आणि उरलेल्यांपैकी फोटोकॅथोड चार-पाचातल्या एकाचंच इलेक्ट्रॉनमध्ये रूपांतर करतो. शेवटी हातात पाचेक हजार फोटोइलेक्ट्रॉन राहतात. हाच सगळ्यात अरुंद गळा. पुढे डायनोड त्याचे लाखपट करोत, सिग्नल मोठा होतो पण माहिती वाढत नाही. ५००० ची स्वाभाविक चढउतार धरली तर रुंदी २.३५५ भागिले ५००० चं वर्गमूळ, म्हणजे ३.३ टक्के, आणि डायनोडच्या गुणाकारातली अनिश्चितता मिळवली की ३.७ च्या आसपास. पण तुला मोजताना दिसतात ७ टक्के. रुंद्या सरळ वजा करायच्या नसतात, वर्ग वजा करायचे असतात, म्हणजे ४९ मधून १३-१४ गेले, उरले पस्तीसेक, त्याचं वर्गमूळ ६ टक्के. म्हणजे उद्या शंभर टक्के क्वांटम एफिशियन्सीची स्वप्नातली पीएमटी आणून लावलीस तरी हे ६ टक्के तुझ्या मानगुटीवर बसलेलेच राहणार, कारण ते पीएमटीचे नाहीतच, क्रिस्टलचे आहेत.

हे ६ टक्के येतात कुठून? थोडा भाग प्रकाश कुठून निघाला त्यावर अवलंबून असतो, क्रिस्टलच्या कोपऱ्यातला प्रकाश मधल्या भागाइतका नीट पोचत नाही. पण मोठा भाग वेगळाच आहे. सोडियम आयोडाइड दर केईव्हीमागे किती प्रकाश देईल ते इलेक्ट्रॉन किती ऊर्जेचा आहे त्यावर ठरतं. दहा-वीस केईव्हीचा इलेक्ट्रॉन दर केईव्हीमागे जास्त प्रकाश देतो, पाचसहाशे केईव्हीचा कमी देतो, फरक पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत जातो. आता एखादा ६६२ चा गॅमा आयोडिनच्या अणूवर एका फटक्यात संपतो आणि एकच मोठा इलेक्ट्रॉन देतो, दुसरा आधी दोनदा कॉम्प्टन होतो, म्हणजे इलेक्ट्रॉनला आदळून थोडी ऊर्जा देऊन पुढे जातो, आणि मग संपतो, म्हणजे तीच ऊर्जा तीन-चार लहानमोठ्या इलेक्ट्रॉनांत वाटली जाते. दोघांची बेरीज ६६२ च, पण प्रकाश वेगवेगळा. प्रत्येक गॅमाची आतली हकिकत वेगळी असल्यामुळे पीक पसरतं, आणि बाहेर कितीही महागडं इलेक्ट्रॉनिक्स लावलं तरी ती हकिकत परत मिळत नाही.

यावर कुणाला शंका असेल तर लॅन्थॅनम ब्रोमाइडकडे बघावं. त्याचा प्रकाश केईव्हीमागे ६३ फोटॉन, म्हणजे सोडियम आयोडाइडच्या पावणेदोन पटीच्याही आत. रिझोल्युशन नुसतं प्रकाशावर ठरत असतं तर ७ टक्क्यांचे फार तर साडेपाच झाले असते. प्रत्यक्षात मिळतात ३ च्या आसपास. का, तर त्याचा प्रकाश इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेशी बराच सरळ प्रमाणात असतो, आतली हकिकत काहीही असो बेरीज जवळपास तीच येते. म्हणून तो सोडियम आयोडाइडसारखाच प्रकाश देणारा सिंटिलेटर असूनही जवळजवळ स्टॅटिस्टिक्सच्या मर्यादेवर चालतो. (मातीसाठी लगेच घेऊ नकोस, त्यात एक खोड आहे, खाली सांगतो.)

जर्मेनियममध्ये मधला प्रकाशच नाही. गॅमाने दिलेली ऊर्जा थेट इलेक्ट्रॉन-होल जोड्यांत जाते, द्रव नायट्रोजनच्या तापमानाला एका जोडीला सरासरी २.९६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. तुलनेसाठी बघ, सोडियम आयोडाइडमध्ये शेवटी हाताला लागणारा एक फोटोइलेक्ट्रॉन आपल्याला १३० इलेक्ट्रॉन व्होल्टला पडतो. म्हणजे ६६२ मागे जर्मेनियममध्ये सव्वादोन लाखांच्या जवळपास जोड्या, आणि व्होल्टेज नीट असेल तर त्या जवळजवळ सगळ्याच्या सगळ्या इलेक्ट्रोडवर पोचतात, मध्ये गळती नाही. शिवाय त्या जोड्या एका मोठ्या इलेक्ट्रॉनने केल्या की तीन लहानांनी, संख्येत फरक पडत नाही.

पण इथे एक गंमत आहे जी पुष्कळ जण नुसती सूत्रात वाचून पुढे जातात. सव्वादोन लाखांच्या वर्गमूळाने हिशेब केला तर रुंदी अर्धा टक्का, म्हणजे ३.३ केईव्ही यायला हवी. चांगला डिटेक्टर ६६२ ला १.३-१.४ दाखवतो. वर्गमूळाच्या हिशेबाच्याही खाली! कारण वर्गमूळाचा नियम प्रत्येक घटना सुटी, एकमेकांशी संबंध नसलेली असेल तेव्हा लागू होतो, इथे तसं नाहीये. एकूण ऊर्जा ठरलेली आहे. महिन्याचा पगार ठरलेला असला की भाजीवर जास्त गेले तर दुसरीकडे हात आखडता घ्यावाच लागतो, एकूण खर्च फार हलत नाही, तसंच जोड्या आणि जाळीची कंपनं यांच्यात ६६२ ची वाटणी होताना जोड्यांची संख्या मनाला येईल तशी वरखाली होऊ शकत नाही. हा जो आवर पडतो तो फॅनो फॅक्टर, जर्मेनियमसाठी साधारण ०.१. त्याचं वर्गमूळ ०.३२, म्हणून ३.३ चे होतात १.०५ केईव्ही. बाकीचं इलेक्ट्रॉनिक्सचं, ०.८ च्या आसपास, वर्गांची बेरीज केली की १.३ येतात. मग सोडियम आयोडाइडला फॅनोचा फायदा का नाही? कारण पंचवीस हजारांतले पाच हजार निवडणं ही पूर्ण लॉटरी आहे, मूळ संख्या कितीही शिस्तीत असली तरी एवढ्या गळतीनंतर शिस्त पुसली जाते.

थोडक्यात ६६२ ला रुंदी ४६ केईव्ही विरुद्ध १.४. आता तुझ्या मातीकडे येऊ, कारण नुसत्या आकड्याने तुझं घोडं पुढे जात नाही.

तुझ्या फुगवट्यात निदान चार रेषा असू शकतात. थोरियम साखळीतल्या थॅलियम-२०८ ची ५८३, युरेनियम साखळीतल्या बिस्मथ-२१४ ची ६०९, सीझियमची ६६१.७ आणि चौथी बहुतेक जण विसरतात ती, बिस्मथ-२१४ चीच ६६५.५. सोडियम आयोडाइडमध्ये ५८३ आणि ६०९ यांच्यात फक्त २६ केईव्हीचं अंतर, रुंदी ४४, म्हणजे दोन्ही मिळून एकच ढेकूळ. ६०९ आणि ६६२ मध्ये ५२ केईव्ही, हे अंतर रुंदीपेक्षा थोडंसंच जास्त. दोन्ही पीक सारख्या उंचीची असती तर मध्ये दरी दिसली असती, पण आपल्या डोंगरावरच्या मातीत सीझियम म्हणजे १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांचा जगभर पडलेला फॉलआउट, तोही अर्धायुष्य ३० वर्षं असल्यामुळे आटत आलेला. तो ६०९ च्या उजव्या उतारावर एक खांदा म्हणून दिसतो, बस. तू म्हणतेस तो फुगवटा ६७० पर्यंत जातोय, त्यामुळे तिथे काहीतरी असायची शक्यता आहे, पण 'काहीतरी' म्हणजे सीझियमच असं नाही.

कारण ती चौथी रेषा. बिस्मथच्या दर शंभर विघटनांत ६०९ साधारण ४५ वेळा येते आणि ६६५.५ दीड वेळा, तीसास एक. समज ६०९ मध्ये निव्वळ ६००० काउंट आले, तर ६६५ मध्ये दोनशेच्या आसपास येणारच, आणि सोडियम आयोडाइडसाठी ६६१.७ आणि ६६५.५ ही एकच जागा आहे. खरं सीझियम ४०० काउंटचं असेल तर तू ६०० लिहिशील, दीडपट. सॉफ्टवेअरने दोन गॉसियन लावून फिट सुंदर दाखवला तरी हा दोनशेचा आकडा आतच लपलेला असतो, फिट बघून कळत नाही. ६०९ च्या क्षेत्रफळावरून काढून हाताने वजा करावा लागतो. जर्मेनियममध्ये या दोघांत ३.८ केईव्हीचं अंतर आणि रुंदी १.४, दोन पीक सुटी उभी राहतात, छोटं उजवीकडचं तुला डोळ्यांनी दिसतं.

आता दुसरी गोष्ट, आणि मला विचारशील तर हीच खरी. लोक म्हणतात सोडियम आयोडाइडची एफिशियन्सी जास्त, जरा जास्त वेळ मोजू आणि भरून काढू. हिशेब करून बघू. हे आकडे मी समजायला घेतलेत. जर्मेनियममध्ये रात्रभरात सीझियमचे ४०० काउंट, आणि पीकखालचा पसरट बॅकग्राउंड, म्हणजे कंटिन्युअम, केईव्हीमागे २० काउंट. पीकसाठी खिडकी रुंदीच्या अडीचपट, म्हणजे साडेतीन केईव्ही, खाली ७० काउंट. चूक काढताना खालचा बॅकग्राउंडसुद्धा तितकाच अनिश्चित धरू, म्हणजे ४०० अधिक ७० च्या दुप्पट, ५४०, वर्गमूळ २३. सहा टक्के. सोडियम आयोडाइडला आपण चौपट एफिशियन्सी देऊ, सिग्नल १६००, कंटिन्युअम केईव्हीमागे ८०, पण खिडकी आता ११५ केईव्हीची, खाली ९२०० काउंट. १६०० अधिक १८,४००, वीस हजार, वर्गमूळ १४१. नऊ टक्के.

नऊ आणि सहा! बघून वाटेल की एवढ्यासाठी कशाला तो नायट्रोजनचा खटाटोप, दोन रात्री जास्त मोजू. पण इथेच फसायला होतं. हा हिशेब गृहीत धरतो की खालच्या ९२०० मध्ये फक्त मोजणीची चढउतार आहे, बाकी ते तुला नक्की माहीत आहेत. ते तू कसे काढणार? पीकच्या डावीउजवीकडून सरळ रेष ओढून. डावीकडे ६०९ चा डोंगर, उजवीकडे ७२७ आणि ७६८ च्या रेषा, खालून पोटॅशियमच्या १४६१ चा आणि थॅलियमच्या २६१५ चा कॉम्प्टन, जो सपाट नसतो. रेष ५ टक्के वरखाली झाली, जी होतेच, की ४६० काउंट इकडेतिकडे, म्हणजे तुझ्या १६०० च्या जवळजवळ ३० टक्के. तीच ५ टक्क्यांची चूक जर्मेनियममध्ये ७० वर लागते, साडेतीन काउंट, एक टक्काही नाही. शिवाय तिथे पीकच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन केईव्ही सरकलं की स्वच्छ सपाट जमीन मिळते (फक्त उजवीकडे ६६५ टाळून). स्टॅटिस्टिकल चूक जास्त वेळ मोजून कमी होते, बेसलाइनची चूक महिनाभर मोजलं तरी तेवढीच राहते. रिझोल्युशनचा पैसा वसूल होतो तो इथे. रेषा वेगळ्या दिसतात हे आहेच, पण पीकखाली काय आहे हे तुला फार नेमकं माहीत असायची गरजच उरत नाही, हा फायदा त्याहून मोठा.

म्हणजे सीनियर बरोबर आहे का? सीझियमपुरता हो. पण तुझ्या मातीतलं बाकीचं सगळं सोडियम आयोडाइडवर व्यवस्थित होतं. पोटॅशियमला १४६१, युरेनियम साखळीला बिस्मथची १७६५, थोरियम साखळीला थॅलियमची २६१५, या तिन्ही रेषा एकमेकींपासून तीनशे केईव्हीहून लांब आहेत, तिथे ७०-१०० केईव्हीची रुंदी कुणाला नडत नाही आणि मोठ्या क्रिस्टलची एफिशियन्सी उपयोगी पडते. आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये युरेनियम-थोरियम तसं कमीच, त्यामुळे जास्त काउंट मिळणं महत्त्वाचं. डबा हवाबंद करून चार आठवडे ठेवून मगच मोज, नाहीतर रेडॉन निसटलेला असतो आणि बिस्मथवरून काढलेलं रेडियम कमी येतं. हॉस्पिटलात थायरॉइड अपटेक मोजतात तिथेही सोडियम आयोडाइडच असतं, कारण पेशंटला काय दिलंय ते आधीच माहीत असतं, आयोडिन-१३१ ची ३६४ एकटी उभी असते. उत्तर माहीत असलेल्या ठिकाणी जर्मेनियम लावणं म्हणजे पैसा वाया.

उलट तुमच्या गावात, म्हणजे कुलाब्याला टीआयएफआरमध्ये, जे लोक न्यूक्लियर स्ट्रक्चर करतात त्यांना एका न्यूक्लियसच्या शंभरेक रेषा एकमेकींच्या अंगावर आलेल्या सोडवायच्या असतात. तिथल्या पेलेट्रॉन ॲक्सिलरेटरवर चार-चार क्रिस्टलच्या क्लोव्हर जर्मेनियमचा ताफा लावतात, प्रत्येकाभोवती बीजीओची ढाल. ती ढाल स्वतः सिंटिलेटर आहे आणि रिझोल्युशनच्या नावाने शून्य, पण तिचं काम फक्त 'इथून काहीतरी निसटलं, ही घटना सोडून द्या' एवढं सांगायचं, त्याला रिझोल्युशन लागत नाही. जर्मेनियम कॉम्प्टन कंटिन्युअम स्वतःहून काढून टाकत नाही हे लक्षात ठेव, फक्त पीक इतकं टोकदार करतं की ते कंटिन्युअमवर उठून दिसतं.

मधल्या पर्यायांचं पटकन सांगतो. लॅन्थॅनम ब्रोमाइडची खोड अशी की लॅन्थॅनमचा एक नैसर्गिक समस्थानिक, लॅन्थॅनम-१३८, स्वतः किरणोत्सर्गी आहे. त्याची १४३६ ची रेषा बेरियमच्या एक्स-रेसोबत मिळून १४७० च्या आसपास पीक देते, बरोबर पोटॅशियमच्या १४६१ च्या उरावर. मातीसाठी हा डिटेक्टर म्हणजे स्वतःच गोंगाट करणारा साक्षीदार. सीझेडटी, म्हणजे कॅडमियम-झिंक-टेल्युराइड, सेमिकंडक्टर आहे, थंड करावा लागत नाही, ६६२ ला दीड-दोन टक्के देतो, पण त्यात होल नीट चालत नाहीत, अडकतात, म्हणून पीकला डावीकडे शेपूट येते, आणि क्रिस्टल सहसा एखाद्या घन सेंटिमीटरचा. मातीतल्या चार काउंटसाठी तो पुरायचा नाही, हातात धरून सोर्स ओळखायला छान.

कुठल्या एचपीजीईवर वेळ मिळाला तर सँपल ठेवायच्या आधी तो डिटेक्टर आज कसा आहे ते बघ, स्पेसिफिकेशनच्या कागदावर विसंबू नकोस. ६६१.७ आणि ६६५.५ सुटे दिसायचे तर रुंदी दीड केईव्हीच्या आत हवी. ती ३ झाली की एवढ्या महागड्या डिटेक्टरवरसुद्धा तू परत तिथेच, दोन रेषांची एक. कोबाल्ट-५७ ची १२२ आणि कोबाल्ट-६० ची १३३२, दोन्ही मोज. रुंदीचं गणित असं:

```
FWHM² = a² + b²·E + c²·E²
```

FWHM म्हणजे अर्ध्या उंचीवरची रुंदी, E म्हणजे ऊर्जा. a म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा गोंगाट, सगळ्या ऊर्जांना सारखा. b म्हणजे फॅनोचा भाग, तो निसर्गाचा, त्याला हात लावता येत नाही. c म्हणजे चार्ज पूर्ण न पोचणं किंवा गेन सरकणं, ऊर्जा वाढते तसा वाढतो. यावरून दुखणं कुठे आहे ते घरबसल्या कळतं.

एका लॅबमध्ये ऐन जुलैत हे प्रत्यक्ष बघितलंय. कागदावर १२२ ला ०.९ आणि १३३२ ला १.८, आणि येत होतं १.६ आणि २.२५. तिथल्या मंडळींनी न्यूट्रॉन डॅमेज असं निदान करून डिटेक्टर परत पाठवायची तयारी चालवलेली. पण हिशेब कर, १.६ च्या वर्गातून ०.९ चा वर्ग गेला, वर्गमूळ १.३. आणि १.८ च्या वर्गात १.३ चा वर्ग मिळवला तर वर्गमूळ २.२ येतं. म्हणजे दोन्ही ठिकाणी सारखाच १.३ केईव्ही जास्तीचा मिसळलाय, ऊर्जेशी काही देणंघेणं नाही. हा a आहे, c नाही, क्रिस्टल निर्दोष. ॲम्प्लिफायरचं आउटपुट ऑसिलोस्कोपवर टाकलं तर बेसलाइन मेन्सच्या तालात डुलत होती. स्पेक्ट्रम गोळा करणाऱ्या एमसीएचा पीसी एका भिंतीतल्या सॉकेटवर, ॲम्प्लिफायर वगैरे बसवायची चौकट म्हणजे निम बिन दुसऱ्या, दोन अर्थिंगमध्ये करंट फिरत होता. सगळं एका स्ट्रिपवर आणलं आणि १२२ परत ०.९५ वर आलं. न्यूट्रॉन डॅमेज असतं तर १२२ जवळपास ठीक राहिलं असतं आणि १३३२ ला डावीकडे शेपूट फुटली असती. तसं दिसलं तर आधी बायस व्होल्टेज पूर्ण आहे का ते बघायचं, मग पुढचा विचार.

पावसाळ्यात अजून दोन गोष्टी होतात. हाय व्होल्टेजच्या कनेक्टरवर ओल धरते आणि लीकेजचे टकटक असे आवाज सिग्नलमध्ये येतात, ते कोरड्या कापडाने आणि खोलीतल्या डीह्युमिडिफायरने जातात. आणि नायट्रोजन भरल्या भरल्या ड्यूअर उकळत असतो त्याची थरथर पीकमध्ये उतरते, अर्धा-एक तास थांबून मग सुरू कर. नायट्रोजन संपून डिटेक्टर अर्धवट गरम झाला असेल तर घाईने परत भरून बायस चढवायचा नाही, पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा आणि मग नव्याने थंड करायचा.

सोडियम आयोडाइडचं पावसाळ्यातलं दुखणं एसी. एका अंशामागे गेन पाव ते अर्धा टक्का सरकतो. संध्याकाळी सातला कॉलेज बंद होताना एसी बंद झाला आणि रात्रीत खोली पाच अंश तापली तर ६६२ चं पीक १०-१५ केईव्ही सरकतं, आणि तू सकाळी जो एकच बारा तासांचा स्पेक्ट्रम बघतेस त्यात ते सरकणं रुंदी म्हणून दिसतं. तुझ्या गाइडना पीएमटी जुनी वाटण्याचं कारण हेही असू शकतं. एक लांब स्पेक्ट्रम घेऊ नकोस, तासातासाचे बारा घे, प्रत्येकात १४६१ कुठे आहे ते बघ, सरकलं असेल तर आधी जागेवर आण आणि मग बेरीज कर.

आणि आता जे तुला जर्मेनियम मिळेपर्यंत करता येईल ते. फॉलआउटचं सीझियम मातीच्या चिकण कणांना घट्ट धरून बसतं, न नांगरलेल्या जमिनीत वरच्या १०-१५ सेंटिमीटरमध्येच राहतं. म्हणून त्याच खड्ड्यातून वरची ५ सेंटिमीटर माती घे आणि खालची ४०-५० सेंटिमीटरवरची घे. दोन्ही वाळवून, चाळून, त्याच आकाराच्या डब्यात, तेवढ्याच वजनाची. खालच्या मातीत युरेनियम, थोरियम, पोटॅशियम जवळपास तसंच पण सीझियम नाहीच्या बरोबर. वरच्याच्या स्पेक्ट्रममधून खालच्याचा वजा कर. ५८३, ६०९, ६६५ आणि खालचा सगळा कॉम्प्टन एकदम निघून जातो, ती बेसलाइनची रेष ओढायची कटकटच संपते, आणि सीझियम असेल तर ६६२ ला एकटं उभं राहतं. १७६५ आणि २६१५ ची क्षेत्रफळं दोन्हींत किती जुळतात ते आधी तपास, दोन-चार टक्क्यांचा फरक असेल तर त्या प्रमाणात गुणून मग वजा कर, फार जास्त असेल तर ती जागा या कामाची नाही, डोंगरावर माती पातळ असते, कधी खाली सरळ मुरूम लागतो.

वजाबाकी खरी आहे की नाही हे ओळखायची खूण अशी की ६६२ च्या उंचवट्याची रुंदी तुझ्या चेक सोर्सइतकीच, ४५-५० केईव्ही यायला हवी. ६०९ किंवा १४६१ च्या जागी एका बाजूला उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला खड्डा असं जोडपं दिसलं तर दोन स्पेक्ट्रमचा गेन जुळलेला नाही, तेव्हा ६६२ च्या उंचवट्यावरही विश्वास ठेवू नकोस, गेन परत जुळव. आणि सगळं नीट जुळूनही ६६२ ला काहीच वर आलं नाही, तर रिपोर्टमध्ये सीझियम नाही असं लिहू नकोस, त्या खिडकीतल्या वजाबाकीच्या चुकीवरून जी वरची मर्यादा निघते ती लिही, आणि तीच वरची माती डबा न उघडता एचपीजीईवाल्यांकडे दे.